तडीपारीवरचं मूट मेमोरियल : प्रेयरपासून उलटं लिहायला घ्या

प्रश्न : सर, मी नाशिकमध्ये एलएल.बी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मूटमध्ये याचिकाकर्त्याच्या बाजूनं पहिल्यांदाच मेमोरियल लिहायचंय. प्रॉपोझिशन असं : पंचवटीतला एक भाजी व्यापारी. २०१५ चा मारहाणीचा, २०१८ चा दंगलीचा, २०२२ चा जुगाराचा आणि २०२२ चाच दुखापतीचा, असे चार गुन्हे दाखवून त्याला २०२३ मध्ये नोटीस दिली. आदेशात मात्र खंडणीचा पाचवा गुन्हाही आला आणि दोन गोपनीय जबाबही. नाशिक, अहमदनगर, ठाणे, पालघर या चार जिल्ह्यांतून दोन वर्षं तडीपार. अपील एका परिच्छेदात फेटाळलं. मी सात इश्यू काढलेत, पंचवीस निवाडे जमवलेत, पण काही एकमेकांत बसत नाहीये. कुठून सुरुवात करू?

उत्तर :

सुरुवात शेवटच्या पानापासून करा. कोऱ्या कागदावर आधी प्रेयर लिहा : न्यायालयानं नेमकं काय करायला हवं? मग एकेका मागणीसमोर लिहा की ती देण्यासाठी न्यायालयाला कोणती गोष्ट पटावी लागेल. ती गोष्ट म्हणजे तुमचा इश्यू. ती पटवण्याचा मार्ग म्हणजे युक्तिवाद. त्या मार्गावर जिथे न्यायमूर्ती ‘हे कशावरून?’ असं विचारतील, तिथे निवाडा लागतो. तुम्ही आधी निवाडे जमवले, मग त्यांच्यासाठी इश्यू शोधले, म्हणून ते बसत नाहीयेत. सातांपैकी तीन इश्यू उरतील आणि पंचवीसपैकी सहा-सात निवाडे. तेवढे पुरेत.

तुमची बाब महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ खाली येते. कलमं मूळ शब्दांत वाचा, कुणाच्या नोट्समधून नको. कलम ५६ मध्ये तडीपारीचा अधिकार आहे, ५८ मध्ये मुदत, ५९ मध्ये नोटीस आणि म्हणणं मांडण्याची संधी, ६० मध्ये राज्य सरकारकडे अपील. आणि कलम ६१, जे विद्यार्थी बहुधा उघडतच नाहीत, ते तुमच्या मेमोरियलचा कणा आहे. हे कलम सांगतं की असा आदेश कोणत्याही न्यायालयात आव्हानता येणार नाही, फक्त तीन कारणं सोडून. कलम ५९ ची कार्यपद्धती पाळली नाही. आदेश ज्यावर उभा राहू शकेल असं साहित्यच अधिकाऱ्यासमोर नव्हतं. किंवा साक्षीदार उघडपणे पुढे यायला तयार नाहीत असं अधिकाऱ्याचं मत झालेलंच नव्हतं.

म्हणजे कायद्यानंच तीन दारं उघडी ठेवली आहेत. तुमचे इश्यू त्या दारांतून आत जाणारे हवेत. आता कुणी म्हणेल, अनुच्छेद २२६ खालचा उच्च न्यायालयाचा अधिकार साधा कायदा कसा आवळेल? बरोबर आहे. एल. चंद्रकुमार (१९९७) मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठानं हा अधिकार राज्यघटनेच्या मूलभूत चौकटीचा भाग मानला आहे. ते एका वाक्यात लिहाच. पण तेवढ्यावर भिस्त ठेवू नका, कारण पीठाचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो : ‘कलम ६१ मधल्या कोणत्या कारणात तुम्ही बसता?’ त्याचं उत्तर तयार असेल तर घटनात्मक वादात शिरायची वेळच येत नाही.

सात इश्यूंपैकी एखादा नक्की ‘कलम ५६ घटनाबाह्य आहे का?’ असा असणार. मूटच्या मेमोरियलमध्ये तो हमखास दिसतो. तो काढून टाका. भागुभाई दुल्लभभाई भंडारी विरुद्ध जिल्हा दंडाधिकारी, ठाणे या १९५६ च्या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं कलम ५६ वैध ठरवलं आहे. त्याच वर्षीच्या हरी खेमू गवळी प्रकरणात कलम ५७ टिकलं. अनुच्छेद १४१ प्रमाणे उच्च न्यायालय त्याला बांधील आहे. उच्च न्यायालयासमोर हा मुद्दा मांडणं म्हणजे जे ते देऊ शकत नाही ते मागणं. तुमचा वाद कायद्याशी नाही, या एका आदेशाशी आहे. अनुच्छेद १९(१)(ड) मधलं देशात कुठेही मुक्तपणे फिरण्याचं स्वातंत्र्य आणि १९(५) मधला ‘वाजवी निर्बंध’ मेमोरियलमध्ये येऊ देत, पण स्वतंत्र इश्यू म्हणून नाही. कलम ५६ आणि ५९ काटेकोर का वाचायची, याचं कारण म्हणून.

आता तीन इश्यू. पहिला : नोटिशीत नसलेल्या गुन्ह्यावर आदेश आधारल्यानं कलम ५९ चा भंग झाला का? दुसरा : कलम ५६ ला लागणारं साहित्य आणि समाधान आदेशात आहे का? तिसरा : चार जिल्हे आणि दोन वर्षं, ही व्याप्ती टिकते का? इश्यू लिहिताना दोन टोकं टाळा. ‘आदेश वैध आहे का?’ यातून काहीच कळत नाही. आणि ‘मनमानी, अन्यायकारक व सूडबुद्धीचा आदेश रद्द व्हावा का?’ यात उत्तर आधीच भरलेलं आहे. प्रॉपोझिशनमध्ये सूडबुद्धीचा मागमूस नसताना तो शब्द लिहिलात, तर पीठ पहिला प्रश्न त्यावरच विचारेल.

पहिला इश्यू तुमचा सर्वांत बळकट, म्हणून तो पूर्ण उलगडून दाखवतो.

कलम ५९ म्हणतं की आदेशापूर्वी त्या माणसाला त्याच्याविरुद्धच्या महत्त्वाच्या आरोपांचं सर्वसाधारण स्वरूप लेखी कळवायचं आणि खुलासा करायची वाजवी संधी द्यायची. तो साक्षीदार तपासू शकतो, वकिलामार्फत हजर राहू शकतो. तुमच्या व्यापाऱ्याला चार गुन्ह्यांची नोटीस आली. त्यानं खुलासा दिला असेल तो चारांचाच. खंडणीचा पाचवा गुन्हा त्याला आदेश हातात पडल्यावर कळला. इथपर्यंत कुणीही लिहितं. खरी परीक्षा पुढे आहे, कारण समोरची बाजू पंढरीनाथ श्रीधर रांगणेकर विरुद्ध पोलीस उपायुक्त, (१९७३) १ एससीसी ३७२ घेऊन उभी राहणार. त्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलंय की नोटिशीत आरोपांचं सर्वसाधारण स्वरूप पुरतं. बारीक तपशील दिले तर साक्षीदार ओळखू येतील आणि कलमाचा हेतूच बुडेल. आदेशात न्यायनिर्णयासारखी सविस्तर कारणमीमांसाही लागत नाही.

हा निवाडा दडवायचा मोह होतो. दडवू नका. तो तुमच्याच मेमोरियलमध्ये, तुमच्याच शब्दांत आधी आला पाहिजे आणि लगेच त्याची मर्यादा आली पाहिजे. मी असं लिहीन :

‘कलम ५९ खाली आरोपांचे केवळ सर्वसाधारण स्वरूप कळवणे पुरेसे आहे, हे याचिकाकर्त्यास मान्य आहे. रांगणेकर प्रकरणात प्रश्न होता तो कळवलेल्या आरोपाचा तपशील किती द्यावा, हा. प्रस्तुत प्रकरणात प्रश्न आहे तो मुळीच न कळवलेल्या आरोपाचा. खंडणीच्या गुन्ह्याचा तपशील कमी दिला, अशी याचिकाकर्त्याची तक्रार नाही. त्या गुन्ह्याचा नोटिशीत उल्लेखच नाही. साक्षीदारांच्या सुरक्षिततेसाठी तपशील झाकणे हा रांगणेकरचा आधार आहे. पोलीस ठाण्यात नोंदवलेल्या गुन्ह्याचे केवळ अस्तित्व कळवल्याने तो आधार ढळत नाही.’

या परिच्छेदात काय झालं ते बघा. विरोधी निवाड्याचं तत्त्व मान्य केलं, त्यातला प्रश्न कोणता होता ते सांगितलं, आपला प्रश्न वेगळा का ते सांगितलं आणि त्या निवाड्यामागचं कारण इथे लागू पडत नाही हे दाखवलं. निवाडा वेगळा काढायचा म्हणजे हेच. ‘सदर निवाड्यातील तथ्ये भिन्न असल्याने तो लागू होत नाही’ एवढंच लिहिलं तर ते रिकामं वाक्य ठरतं. तथ्यं प्रत्येक खटल्यात भिन्नच असतात.

यावर पीठ विचारेल : पाचवा गुन्हा वगळला तरी चार उरतात, मग आदेश का पडावा? हा प्रश्न मेमोरियलमध्येच सोडवून ठेवा. समाधान अधिकाऱ्याचं व्यक्तिनिष्ठ असतं. पाचांपैकी कोणत्या गुन्ह्यानं त्याचं मन किती वळलं, हे न्यायालयाला वजा करून काढता येत नाही. त्यात खंडणी हा पाचांतला सर्वांत जड आरोप. पण उरलेले चार कितपत भक्कम आहेत यावर हे उत्तर टिकणार, आणि तिथूनच तुम्ही दुसऱ्या इश्यूत शिरता. एका इश्यूचं शेवटचं वाक्य पुढच्याचं दार उघडतं, तेव्हा मेमोरियल एकसंध वाटतं.

दुसऱ्या इश्यूत बहुतेक जण घसरतात. ते ‘पुरावा अपुरा आहे’ असं लिहितात. दिल्ली राज्य विरुद्ध संजीव ऊर्फ बिट्टू (२००५) हा निवाडा त्यासाठीच समोर येतो : साहित्य पुरेसं आहे का, हे न्यायालय तपासत नाही; साहित्य आहे का, एवढंच पाहतं. म्हणून तुमची भाषा ‘पुरेसं नाही’ अशी नको, ‘कलमाला लागणारं साहित्य यात नाहीच’ अशी हवी. ते दाखवायला भारतीय दंड संहिता उघडून बसा. कलम ५६(१)(ब) ला एकतर बळ किंवा हिंसेचा गुन्हा लागतो, नाहीतर संहितेच्या १२, १६ किंवा १७ व्या प्रकरणातला. मारहाण आणि दुखापत १६ व्या प्रकरणात येतात. दंगल ८ व्या प्रकरणात आहे, पण दंगलीच्या व्याख्येतच बळाचा वापर आहे, म्हणून ती ‘बळ किंवा हिंसा’ या शब्दांत बसते. तिच्यावर वाद घालू नका, उगाच विश्वासार्हता जाते. जुगार मात्र कशातच बसत नाही. तो वेगळ्या कायद्याखालचा गुन्हा आहे आणि त्यात बळही नाही. चारातला एक असा गळतो.

मग उरतात २०१५, २०१८ आणि २०२२ चा एक. इथे दीपक लक्ष्मण डोंगरे विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा सर्वोच्च न्यायालयाचा २८ जानेवारी २०२२ चा निवाडा तुमच्या कामाचा. जालना जिल्ह्यातल्या तडीपारीचं प्रकरण. न्यायालयानं म्हटलं की तडीपारी हा असाधारण उपाय आहे, तो जपून वापरायचा. जुन्या गुन्ह्यांचा आदेशाशी जिवंत दुवा लागतो. त्या प्रकरणात २०१३ आणि २०१८ चे गुन्हे शिळे मानले गेले. हा निवाडा दोन न्यायमूर्तींचा आहे, त्यामुळे रांगणेकर त्यानं बाजूला सारला असं चुकूनही लिहू नका. दोन्ही एकत्र वाचता येतात : सविस्तर कारणं लागत नाहीत, पण कलमाला हवं ते समाधान आदेशात उमटलेलं लागतं.

गोपनीय जबाबांबद्दल जपून लिहा. साक्षीदारांची नावं दिली नाहीत, ही तक्रार रांगणेकरपुढे टिकत नाही. तुमचा प्रश्न वेगळा : आदेशात अधिकाऱ्यानं ‘साक्षीदार जिवाच्या किंवा मालमत्तेच्या भीतीनं उघडपणे पुढे यायला तयार नाहीत, असं माझं मत झालं आहे’ असं नोंदवलंय का? प्रॉपोझिशनमधला आदेशाचा उतारा शब्द न् शब्द वाचा. ते मत नसेल तर कलम ६१ मधलं तिसरं दार उघडतं. असेल तर हा उपमुद्दा सोडून द्या. राज्य म्हणेल की आदेश ५६(१)(अ) खाली आहे, तिथे भय किंवा धोका निर्माण करणारी कृत्यं पुरतात आणि गुन्ह्याचं प्रकरण पाहायचं नाही. तेव्हा आदेशात कोणतं उपकलम लिहिलंय, हेही आधी बघून ठेवा.

तिसरा इश्यू छोटा ठेवा. कलम ५६ लगतच्या जिल्ह्यांतून काढायची परवानगी देतं, आणि अहमदनगर म्हणजे आताचं अहिल्यानगर, ठाणे आणि पालघर, तिन्ही नाशिकला लागून आहेत. म्हणजे अधिकार आहे. तो का वापरला याचं कारण आदेशात नाही, हा मुद्दा. सगळे गुन्हे पंचवटीतले असतील तर पालघर कशासाठी? दोन वर्षं ही कलम ५८ ची कमाल मर्यादा, आणि कमाल मुदत लावताना तीच का, याचा विचार आदेशात दिसला पाहिजे, हेही डोंगरे निवाड्यातच आहे. या इश्यूला दीड-दोन पानांपेक्षा जास्त देऊ नका.

आता प्रेयर. तुमच्या मेमोरियलला तो असा शोभेल :

‘वरील मुद्दे, युक्तिवाद आणि निवाडे यांच्या आधारे नम्र विनंती की, माननीय न्यायालयाने (अ) पोलीस उपायुक्तांचा हद्दपारीचा आदेश आणि तो कायम करणारा अपिलातील आदेश, दोन्ही रद्दबातल ठरवावेत, (आ) पर्यायाने, अहमदनगर, ठाणे व पालघर या जिल्ह्यांपुरता हद्दपारीचा आदेश रद्द करावा, (इ) न्यायहितार्थ योग्य वाटेल असा अन्य आदेश द्यावा.’

दोन्ही आदेशांच्या तारखा प्रॉपोझिशनमधून घाला. अपिलातला आदेश आव्हानायचा राहून जातो, ही चूक वारंवार दिसते. मूळ आदेश रद्द मागितला आणि अपिलाचा तसाच राहिला, तर पीठ विचारतं की तो आदेश अजून उभा आहे त्याचं काय. अंतरिम स्थगिती इथे मागू नका. खऱ्या याचिकेत ती असते, पण मूटमध्ये अंतिम सुनावणी चालू आहे असं धरलेलं असतं. नुकसानभरपाईही नको, कारण तिच्यामागे तुमचा एकही इश्यू नाही. पर्यायी मागणीत मी मुदत कमी करून मागितलेली नाही, तेही मुद्दाम. तीन जिल्हे छाटणं म्हणजे कारण नसलेला भाग काढून टाकणं. दोन वर्षांची सहा महिने करा म्हणणं म्हणजे न्यायालयानं अधिकाऱ्याच्या खुर्चीत बसावं असं सांगणं, आणि माझ्या मते ते तुमच्याच पहिल्या मागणीला मारक ठरतं. मुदतीचा युक्तिवाद संपूर्ण आदेश पाडण्यासाठीच वापरा.

तपासायची एक सोपी रीत आहे. प्रेयरमधल्या प्रत्येक ओळीसमोर इश्यूचा क्रमांक लिहा. ज्या ओळीसमोर क्रमांक येत नाही ती खोडा. ज्या इश्यूचा क्रमांक कुठेच येत नाही, तो इश्यू खोडा.

बाकीचे भाग लवकर होतात. अधिकारितेत अनुच्छेद २२६ आणि २२७ खालची फौजदारी रिट याचिका लिहा. न्यायालय म्हणजे मुंबई उच्च न्यायालयाचं मुंबईतलं मुख्य पीठ. शेजारचे अहमदनगर, धुळे, जळगाव औरंगाबाद खंडपीठाखाली येतात, म्हणून नाशिकची मुलं कधीकधी तेच नाव छापतात. नाशिक जिल्हा मुख्य पीठाखाली आहे. तथ्यांचा भाग क्रमवार ठेवा, विशेषणं नकोत, आणि प्रत्येक विधानापुढे प्रॉपोझिशनचा परिच्छेद क्रमांक द्या. तिथे नसलेलं तथ्य घालायचं नाही. ‘सगळे गुन्हे पंचवटीतले’ हे माझं वर गृहीत आहे, तुमच्या कागदात नसेल तर ते वाक्य बदला. युक्तिवादाचा सारांश सगळ्यात शेवटी लिहा, इश्यूमागे एक परिच्छेद. पान, फॉन्ट, तळटीपा, मुखपृष्ठाचा रंग हे स्पर्धेच्या नियमांप्रमाणे. याचिकाकर्त्याला बहुधा निळा आणि प्रतिवादीला लाल असतो. टीम कोड सोडून कॉलेजचं किंवा तुमचं नाव कुठेही नको, फाइलच्या नावातसुद्धा.

निवाडे ई-एससीआरवर मोफत मिळतात, ते पूर्ण वाचा. नियतकालिकातली हेडनोट ही संपादकाची असते, न्यायालयाची नाही. त्याहून मोठा धोका म्हणजे निवाड्याच्या सुरुवातीला वकिलांचं म्हणणं नोंदवलेलं असतं आणि विद्यार्थी तेच न्यायालयाचं मत म्हणून उद्धृत करतात. परिच्छेदाच्या सुरुवातीला ‘असा युक्तिवाद करण्यात आला’ अशा अर्थाचं वाक्य आहे का ते बघा. प्रत्येक निवाड्यासाठी एका ओळीत टिपून ठेवा : पीठ किती न्यायमूर्तींचं, कोणता प्रश्न, काय ठरलं, कितव्या परिच्छेदात. तोंडी युक्तिवादाच्या वेळी हा कागद हाताशी लागतो. आणि निवाड्यांची सूची पान क्रमांक पक्के झाल्यावरच करा. सूचीत असलेला पण मजकुरात कुठेच नसलेला निवाडा परीक्षकाला लगेच सापडतो.

अभ्यासक्रमातल्या मूटचे दहा गुण असतात, बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे पाच लेखी निवेदनाचे आणि पाच तोंडी युक्तिवादाचे. म्हणून लांबी वाढवण्यात वेळ घालू नका. तो वेळ वर दिलेला रांगणेकरवरचा परिच्छेद स्वतःच्या शब्दांत पुन्हा लिहिण्यात घाला. मग तो सहकाऱ्याला वाचायला द्या आणि त्याला राज्याच्या बाजूनं तोडायला सांगा. तो ‘चार गुन्हे तरी उरतातच ना’ इथे अडला आणि तुम्हाला त्यापुढचं उत्तर कागद न बघता देता आलं, की पहिला इश्यू तयार झाला असं समजून दुसऱ्याला हात घाला.